सहा वर्षांचा कोरा कागद

आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली आणि हप्ता एका दमात दीडपट झालेला पाहून माझं डोकंच फिरलं. भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे. भाव मीही वाढवतो, पण जुन्या गिऱ्हाइकाला एवढा झटका देत नाही.

रागाच्या भरात दोन पानी हरकतपत्र लिहिलं. सलग सहा वर्षं वेळेवर हप्ता भरला, एकही क्लेम केला नाही, माझा क्लेमचा कागद कोरा आहे, त्याचं हेच बक्षीस काय, असं खडसावून विचारलं. पत्र इतकं झकास उतरलं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने फक्त माझ्या पोटाकडे पाहिलं.

त्याचं कारण होतं. दोन वर्षांपूर्वी घंगाळ उचलताना मला हर्निया झाला होता. जास्त दिवस थांबू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ऑपरेशन म्हणजे क्लेम, आणि क्लेम म्हणजे पुढचा हप्ता वाढणार, असा माझा पक्का हिशेब. म्हणून मी पट्टा बांधून फिरत होतो, आणि दुखलं की गॅस झाला म्हणून सांगत होतो.

आमची विमा एजंट गल्लीतलीच. तिने पत्राचा फोटो कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं, तेही तिनेच घरी येऊन समजावलं. मी छप्पन्न पूर्ण केल्यामुळे वरच्या वयोगटात गेलो होतो, शिवाय त्या पॉलिसीचे दर कंपनीने सगळ्यांसाठीच वाढवले होते. क्लेम न केल्याचा बोनस दर वर्षी विम्याच्या रकमेत जमा होत आला होता; हप्त्यात त्याची सूट नव्हती.

बायकोने हातातलं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे यायनं क्लेम केला असता, तरी हप्ता एवढाच आला असता?"

"हो काकू. एकट्याच्या क्लेमवर हप्ता ठरत नाही. बोनस थोडा कमी झाला असता, बस."

मी चष्मा पुसत बसलो. इतका मूर्ख मी आयुष्यात कधी ठरलो नव्हतो.

मुदत संपायच्या आत मी मुकाट्याने हप्ता भरला, आणि पुढच्याच आठवड्यात बायको मला दवाखान्यात घेऊन गेली. कॅशलेसचा फॉर्म समोर आला तेव्हाही, खोटं कशाला बोलू, सही करताना हात थबकला. सहा वर्षांची सवय होती.

बायको हळूच म्हणाली, "तुमाले काही झालं असतं, तं तो कोरा कागद मी कोणाले दाखवत बसली असती?"

मी सही केली.