कोरड्या नळीला ओले हात

बिंदुमाधवरावांचं घराणं बेंगळुरात येऊन साडेतीनशे वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात त्या घरातल्या एकाच्याही नखात शेताची माती गेली नाही. कुणी दप्तरं सांभाळली, कुणी कचेऱ्यांत बसले, फार तर कुणी शाळेत छडी चालवली. अशा घरातला हा माणूस एकतीस वर्षं एका संस्थेत कर्नाटकातल्या शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षणाच्या फिल्म लिहीत होता. निवेदनही तेच करायचे, अस्सल कन्नडात. आवाज भारदस्त होता, आणि संस्थेला घरचाच माणूस सोयीचा पडायचा.

लिहिण्याची त्यांची एक रीत होती. एका वाक्यात हाताचं एकच काम. 'पाइपला भोक पाडा' हे एक वाक्य, 'भोकात रबराचं वायसर बसवा' हे दुसरं. संहिता झाली की चामराजपेटच्या घरी ते ती बायकोला, अहल्याबाईंना, मराठीत वाचून दाखवत, आणि अहल्याबाई समोर जे असेल ते हातात घेऊन तसं तसं करून बघत. त्यांचा हात अडला की वाक्य चुकलं.

ठिबक सिंचनाच्या संहितेला अहल्याबाईंनी नळी म्हणून कपडे वाळत घालायची जुनी दोरी घेतली होती. मुख्य पाइप झाला, त्याला ड्रिलनं भोकं पाडून झाली, ठिबकच्या बारीक नळ्या जोडून झाल्या, नळ्या ओळीत अंथरून झाल्या. बिंदुमाधवराव पान उलटायला थांबले, तशा अहल्याबाई म्हणाल्या, "स्वल्प थांबा हो. भोकं पाडताना प्लास्टिकचा भुगा आत पडला असेल की. तो तसाच ठेवून नळीचं टोक बांधायचं?"

बिंदुमाधवराव खूश झाले. पुढच्या पानावरचं पहिलंच वाक्य होतं, 'सगळी टोकं उघडी ठेवून पाणी सोडा.' दुसरं, 'पाणी नितळ येईपर्यंत थांबा.' आणि तिसरं, 'मगच टोक बंद करा.'

चित्रीकरण दोड्डबळ्ळापूरच्या पुढे पुट्टम्माच्या टोमॅटोच्या रानात झालं. पुट्टम्मा पन्नाशीची, बोलायला फटकळ, पण हात असा नेमका की कॅमेऱ्याला दुसऱ्यांदा घ्यावं लागत नसे. तिनं एकेका नळीतून पाणी सोडलं. आधी चहाच्या रंगाचं आलं, त्यात पांढरा भुगा आणि मातीचे कण. मग गढूळ, मग स्वच्छ. तेव्हा तिनं नळीचं टोक दुमडून, आठाच्या आकड्यासारख्या प्लास्टिकच्या कडीत अडकवलं आणि ओले हात पदराला पुसले. बिंदुमाधवरावांना वाटलं, निवृत्तीआधीची ही शेवटची फिल्म, पण एकतीस वर्षांतली सगळ्यांत चांगली.

पण ती जे. पी. नगरच्या ऑफिसात जितेंद्रनं बघितली. जितेंद्र पुण्याहून आलेला, बत्तीस वर्षांचा, संस्थेच्या व्हिडिओ विभागाचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता. घाईत होता एवढंच, आणि घाईतला माणूस वाईटाहून कमी नुकसान करतो असं कुणी समजू नये.

"सर, व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत हवा. आणि हे काय, पाणी वाचवायच्या व्हिडिओत चाळीस सेकंद पाणी नुसतं वाहतंय? लोक कॉमेंटमध्ये आपल्याला सोलून काढतील."

"जितेंद्र, पण नळ्या धुतल्या नाहीत तर भुगा ठिबकच्या छिद्रांत बसतो. सगळं तुंबतं."

"मान्य आहे. त्यावर आपण वेगळा व्हिडिओ करू, मेंटेनन्सचा. प्रॉमिस."

बिंदुमाधवराव म्हणाले, निदान एक वाक्य ठेवू. जितेंद्र म्हणाला, चित्र नसताना वाक्य कशावर टाकणार? तोही बरोबरच होता. एका वाक्याला हाताचं एक काम ही रीत बिंदुमाधवरावांचीच. त्यांनी मान डोलावली. नंतर निवेदन नव्याने ध्वनिमुद्रित करताना 'मगच' हा शब्द त्यांनी स्वतःच्या पेन्सिलीनं खोडला. उरलं, नळ्या अंथरून झाल्यावर लगेच 'टोक बंद करा.' मेंटेनन्सचा व्हिडिओ अर्थातच झाला नाही. बिंदुमाधवराव निवृत्त झाले, हार-तुरे झाले.

चार महिन्यांनी, ऐन मार्चमध्ये, पुट्टम्माचा फोन आला. "सर, एकदा येऊन जा," एवढंच म्हणाली. इतर वेळी अर्धा तास बोलणारी बाई.

ते बसनं गेले. पुट्टम्माच्या रानातले टोमॅटो हिरवेगार होते. बांधापलीकडच्या चार रानांत मात्र ओळीच्या सुरुवातीची झाडं उभी आणि शेवटाकडची माना टाकलेली. दुकानदाराचा माणूस वेळेवर येईना, म्हणून चौघांनी व्हिडिओ बघून स्वतःच ठिबक बसवलं होतं. भुगा पाण्याबरोबर टोकाकडे गेला आणि तिथली छिद्रं बुजली.

"लोक म्हणतात, पुट्टम्मानं आपलं रान नीट केलं आणि आम्हाला अर्धंच दाखवलं," ती म्हणाली. "दोन महिने कुणी माझ्या दारात येत नाही. मलाही वाटायला लागलं, मी खरंच नळ्या धुतल्या नव्हत्या का? विसरले असेन. सर, तुम्ही होता ना तिथे?"

"धुतल्या होत्या, अक्का. आम्ही कापलं ते."

ती बांधाकडे निघाली. मग हाक मारून तिनं शेजाऱ्यांना बांधावर बोलावलं. मल्लेश नावाच्या शेजाऱ्यानं फोनवर व्हिडिओ लावला. शेवट आला तसं पुट्टम्मानं बोट ठेवून चित्र थांबवलं.

"माझे हात बघा. ओले आहेत. पायाखाली चिखल आहे. कोरड्या नळीचं टोक बांधताना हात ओले कसे होतील?"

सगळे वाकून बघू लागले. हात ओले होतेच. बिंदुमाधवरावांनी हा व्हिडिओ पन्नास वेळा पाहिला असेल, पण ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना त्याची लाज वाटली.

"हात बघून आम्ही काय समजायचं?" मल्लेश म्हणाला. "तो माणूस तोंडानं सांगतोय ना, टोक बंद करा म्हणून." त्यानं व्हिडिओ पुढे सोडला. बिंदुमाधवरावांचा भारदस्त आवाज रानात घुमला. बिंदुमाधवराव म्हणाले, "चूक तुमची नाही." आणि मल्लेशनं दचकून आधी फोनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. उन्हात सगळ्यांनी मिळून नळ्यांची टोकं सोडली, पंप चालू केला. काळपट पाणी आलं, भुगा आला. काही छिद्रं थेंब टाकू लागली, बरीच बुजलेलीच राहिली. शेवटाकडच्या झाडांना आता त्याचा उपयोग नव्हता.

बिंदुमाधवरावांनी तिथूनच जितेंद्रला फोन लावला. जितेंद्रनं मनापासून ऐकून घेतलं. "सर, वाईट वाटतं. पण तो व्हिडिओ आता सगळीकडे फॉरवर्ड झालाय. आपण काढला तरी लोकांच्या फोनमध्ये राहणारच. आणि मूळ शूटिंग आपण ठेवत नाही, तुम्हाला माहीत आहे."

पुट्टम्मा बांधावर बसून ऐकत होती. "काय म्हणाले?"

"आता काही हातात नाही म्हणतो. माझ्याही नाही, अक्का."

"सरी, बरं," ती म्हणाली. नवऱ्याचं जुनं धोतर फाडून केलेलं फडकं तिनं त्यांच्या चिखलानं भरलेल्या हातांसाठी पुढे केलं. "माझे हात तर लोकांनी बघितले. तुमचा आवाज अजून गावोगाव टोक बंद करायला सांगतोय."

त्यांनी नखांतली माती फडक्यानं काढायचा प्रयत्न केला. ती निघेना. बस पाच वाजता होती.