टॉवेलमधलं स्थलांतर

माझी आत्या पूरनियंत्रण कक्षातर्फे गाडीवरच्या भोंग्यातून घोषणा करते. ‘अ‍ॅडव्हायजरी’ म्हणजे जपून वागा, ‘वॉच’ म्हणजे पूर येऊ शकतो, तयारीत राहा, ‘वॉर्निंग’ म्हणजे पूर येतोयच, लगेच हालचाल करा, हे तिने घरात सगळ्यांकडून घोकून घेतलंय.

त्या दुपारी वॉच लागला आणि आतोबांना इतका हुरूप आला की त्यांनी कपड्यांची बॅग भरून शाळेतल्या निवाऱ्यात पाठवूनही दिली. वॉर्निंग आल्यावर ते सामान माडीवर चढवू लागले. त्यात अंगावरची पँट टर्रकन फाटली, म्हणून टॉवेल गुंडाळला. तेवढ्यात दारात भोंग्याची गाडी थांबली. आवाज आत्याचाच.

“स्थलांतराचा आदेश आहे! आत्ताच घर सोडा!”

“अगं, सगळ्या पँटी बॅगेत गेल्या!”

“तयारीत राहा म्हटलं होतं, पाठवून द्या नव्हतं म्हटलं. निघा!”

“गल्ली बघतेय!”

“पाणी पायरीला लागलंय!”

आतोबा टॉवेल घट्ट धरून निघाले. इतका वेळ ढिम्म बसलेले शेजारी ताडकन उठले.

“हा माणूस असा बाहेर पडला, म्हणजे खरंच पाणी आलं!”

दहा मिनिटांत गल्ली रिकामी. आत्याच्या नोकरीतला तो विक्रम आहे, पण श्रेय आतोबा मागतात.