जुना तीळ, नवी पुटकुळी

पद: वरिष्ठ चेहरा-सुधारक, फोटो स्टुडिओ, मागची खोली. अनुभव: बावीस वर्षे. कर्तव्य: चेहऱ्यावरील अतिक्रमणे हटवणे; अधिकृत बांधकामास धक्का न लावणे.

ताईंसमोर आज पडद्यावर एका नवरीचा चेहरा होता. मूळ फोटो तसाच ठेवून त्यांनी वरच्या वेगळ्या थरावर काम चालवलं होतं. शेजारची चांगली त्वचा उचलून पुटकुळ्या झाकल्या. व्रणांच्या खळग्यांतली सावली तेवढी उजळली. रंध्रं जागच्या जागी राहिली. कपाळावरचे दोन तीळही शाबूत. अडलं ते हनुवटीजवळच्या तपकिरी ठिपक्यावर. तीळ असेल तर राहायला हवा, पुटकुळीचा डाग असेल तर जायला हवा. एकदा त्यांनी एका नवरदेवाचा असाच तीळ पुसला होता, तेव्हा तो फोटो पाहून म्हणाला होता, "हा माझा भाऊ वाटतो."

त्यांनी फोन लावला. उचलला नवरीच्या आईने.

"सगळं काढा हो! चेहरा कसा अंड्यासारखा गुळगुळीत हवा."

"अंडं करते, पण मग तुमची मुलगी कोणती ते तुम्हीच सांगा."

मागून मुलगी ओरडली, "आई, दे इकडे! ताई, हनुवटीचा ना? तो लहानपणापासून आहे. आजीलाही तिथेच होता. हात लावू नका!"

ताईंनी हात लावला नाही. संध्याकाळी स्टुडिओत आलेल्या आईने फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला, खूश झाली आणि फोटोग्राफरचं तोंडभरून कौतुक करून घरी गेली.