चित्राची दोन टोकं

स्वतःच्या कोंबडीने घातलेलं अंडंसुद्धा उना पॅस्को उजेडात धरून बघायची. खाटकाने तोललेलं मटण घरी नेऊन पुन्हा तोलायची, आणि पाद्री आजारी पडला तर तो खरंच आजारी आहे का ते बघायला सूप घेऊन जायची. सूप मात्र चांगलं असायचं, हे मान्य करायला हवं.

माझं व्हिडिओ कॅसेटचं दुकान गावच्या मुख्य रस्त्यावर, म्हातारी मंडळी चेंडू घरंगळवत बोल्स खेळतात त्या हिरवळीसमोर. उनाकडे कॅसेट लावायचं यंत्र नव्हतं. तरी ती मंगळवारी यायची, काउंटरवरच्या टीव्हीत काय चाललंय ते उभ्याने बघायची आणि नावं ठेवून जायची. मला तिचा राग यायचा, आणि ती नाही आली की चुकल्याचुकल्यासारखंही व्हायचं.

तिचा सगळ्यात जुना संशय नवऱ्यावर, क्लेमवर होता. चौसष्ट साली आमच्या रेसकोर्सवर एका सिनेमाचं शूटिंग झालं. एका शनिवारी सगळ्या गावाला घोड्यांच्या शर्यतीची गर्दी म्हणून उभं केलं होतं. उना घरी होती, मुलीला गोवर आला होता. क्लेम म्हणाला, मी दिवसभर कुंपणाशी उभा होतो. शेजारीण म्हणाली, छे, तो पोस्टातल्या डोरीन ट्रेगिलगसबरोबर समुद्राकडे गेला होता. सिनेमा येईपर्यंत गावातलं थिएटर बंद पडलं, म्हणून लोकांनी तो पहिल्यांदा बघितला तो टीव्हीवर. उना पडद्याला नाक लावून बसली. त्या गर्दीत क्लेम नव्हता. डोरीनही नव्हती. दोघं एकदमच नाहीत म्हटल्यावर तिला आणखी पुरावा कशाला हवा? त्या रात्रीपासून क्लेमचं अंथरूण मागच्या व्हरांड्यात गेलं आणि तीस वर्षं तिथंच राहिलं. डोरीनने पुढे बदली मागून घेतली. उना म्हणाली, बघा, मनात चोर असल्याशिवाय का कोणी पळतं?

आता क्लेमचे गुडघे गेले होते. त्यांची मुलगी आयल्सा येत्या शुक्रवारी त्याला ॲडलेडला आपल्या घरी कायमचं राहायला घेऊन जाणार होती. त्या आठवड्यातल्या मंगळवारी उना दुकानात आली तेव्हा टीव्हीवर नेमका तोच सिनेमा होता. कंपनीने नवी कॅसेट काढली होती, डब्यावर ‘रुंद पडदा’ असं छापलेली.

"नोरीन, तुझा टीव्ही बिघडलाय."

"नाही बिघडला."

"वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. निम्मा सिनेमा झाकून पूर्ण भाडं घेतेस होय? काय दडवलंय त्या पट्ट्यांखाली?"

"काही नाही. तिथे चित्रच नाही."

"हेच म्हणणार तू."

असले लोक दिवसाला चार यायचे, त्यामुळे माझं उत्तर पाठ होतं. मी रद्दीतून कागदाची एक लांबट पट्टी कापली, टीव्हीच्या काचेएवढी उंच आणि त्या उंचीच्या सव्वादोनपटीहून थोडी जास्त लांब, आणि काचेला लावली.

"हे बघा. सिनेमा असा लांबोडका काढलेला असतो. टीव्ही जवळजवळ चौकोनी, उंचीपेक्षा जेमतेम तिसरा हिस्सा जास्त रुंद. आता हे त्यात बसवायचं कसं? उंची पुरती भरली, तर दोन्ही बाजू काचेच्या बाहेर जातात. जाताहेत ना?"

"जाताहेत."

"मग त्या कापायच्या. टीव्हीसाठी इतकी वर्षं हेच करत आले. दुसरा मार्ग म्हणजे सगळं चित्र लहान करायचं, रुंदी मावेपर्यंत. मग वर-खाली जागा रिकामी उरते. ती तुमची काळी पट्टी. झाकलेलं काही नाही, उलट कापलेलं परत आणलंय."

तिने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लावून बघितली. माझ्यावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता.

"म्हणजे टीव्हीवर आम्हाला निम्मंच दाखवलं?"

"निम्म्याहून थोडं जास्त."

"कुठलं निम्मं ते कोण ठरवतं?"

"असतो एक माणूस. यंत्रापुढे बसून प्रत्येक दृश्यात ठरवतो, हा तुकडा ठेवू, तो जाऊ दे. बहुतेक वेळा नटनट्या ठेवतो."

"तो डोरीनच्या ओळखीचा होता का?"

मला हसू आलं. तिला आलं नव्हतं. ती कागदाच्या टोकांकडे बघत होती.

"शर्यत लाव," ती म्हणाली.

मी कॅसेट पुढे पळवली. मधोमध नायिका छत्री घेऊन उभी होती, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेली तीच. पण आता तिच्या दोन्हीकडे कुंपण लांबच लांब गेलेलं होतं आणि त्याला टेकून आमचं गाव उभं होतं. अगदी डाव्या टोकाला एक उंच माणूस, डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"तो हात मेंढ्यांनी मोडला होता," उना हळूच म्हणाली. "त्याच आठवड्यात."

मी चित्र थांबवलं. ते थरथरत होतं, पण क्लेम ओळखू येत होता. उनाचं बोट काचेवरून उजवीकडे सरकत गेलं, नायिकेवरून, घोड्यांवरून, दुसऱ्या टोकापर्यंत. तिथे पिवळी टोपी होती, वर खोटे पक्षी लावलेली. अशी टोपी आमच्या गावात एकीच्याच डोक्यावर होती. क्लेम आणि डोरीन यांच्यामध्ये अख्खं रेसकोर्स होतं.

आता तरी हिची खात्री पटेल असं मला वाटलं. कसली पटतेय?

"हा एक क्षण झाला. नंतर गेले असतील."

"मग बघा पुढे."

तिने बघितलं, आणि माझ्या डोक्यात कधी आलं नसतं ते तिला दिसलं. पहिल्या दृश्यात खांबांच्या सावल्या आखूड होत्या. शेवटच्यात त्या गवतावर लांब पसरल्या होत्या, म्हणजे दिवस कलला होता. दोघं तिथेच उभे होते, तो त्या टोकाला, ती या टोकाला. आयुष्यभर ज्या नजरेने तिने माणसं छळली, तीच नजर आता तिला काही सोडेना. तिने मला तीनदा मागे न्यायला लावलं. मग ती माझ्या स्टुलावर बसली, न विचारता.

"त्याला बोलव," ती म्हणाली.

क्लेम समोरच हिरवळीच्या बाकावर बसला होता. खेळता येत नसे, नुसता बघायचा. काठी टेकत आला. उनाने त्याला काचेवरचं डावं टोक दाखवलं.

"हा तू."

"हो."

"तू तिथे होतास."

"उना, मला काय दाखवतेस? मी होतोच तिथे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी कॅसेटी लावायचं नाटक करत कपाटाकडे वळले, पण कान तिकडेच होते.

"टीव्हीवाल्यांनी तुला कापलं होतं," उना म्हणाली. "दोघांनाही कापलं. मला कसं कळणार?"

"विचारलं असतंस तर कळलं असतं."

"विचारलं होतं."

"हो. आणि मी सांगितलं होतं."

एवढ्या वर्षांत मी उनाला कोणाकडे काही मागताना बघितलं नव्हतं, म्हणून पुढचं वाक्य तिचंच आहे हे कळायला मला जरा वेळ लागला.

"शुक्रवारी मीही येते. कोंबड्या नोरीन बघेल."

क्लेमने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं, तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"आयल्साने खोली एका माणसापुरतीच बांधलीय, उना," तो म्हणाला. "तूच तिला तसं कळवलं होतंस."