पाटीलकी

आमच्या कबनूरच्या एअरजेट शेडमध्ये तीन कंप्रेसर आहेत. तिथले माग हवेच्या झोतानं बाणा, म्हणजे कापडाचा आडवा धागा, फेकतात, त्यामुळे हवेचा दाब पडला की शेड मुकी होते. तिथल्या मेंटेनन्सची जबाबदारी माझी, आणि कंप्रेसर खोलीत दिवसभर बसणारे ऑपरेटर म्हणजे मामा. मामा कुरुंदवाडहून येतात, साठीला आलेत. ज्याला आम्ही पुस्तकी भाषेत लीड मशीन म्हणतो, त्याला मामा पाटील म्हणायचे.

व्यवस्था साधी होती. दाब सहा पॉइंट सहा किलोवर उतरला की पाटील हवा भरायला घ्यायचा, सातला थांबायचा. दुसऱ्याचा दाबाचा पट्टा त्याच्या खाली, सहा पॉइंट चार ते सहा पॉइंट आठ. तिसऱ्याचा आणखी खाली, सहा पॉइंट दोन ते सहा पॉइंट सहा. त्यामुळे पाटील जवळजवळ अखंड राबायचा, दुसरा लागेल तसा हात द्यायचा आणि दोघांना पुरं पडलं नाही तरच तिसरा उठायचा. दर सोमवारी पट्टे फिरायचे. "ह्या आठवड्याला पाटीलकी दोन नंबरची," मामा सांगायचे आणि मी पॅनेलमध्ये पासवर्ड घालून अदलाबदल करायचो. तिघांची झीज सारखी राहायची.

मग मालकांनी तीन नंबरच्या जागी नवा कोरा कंप्रेसर आणला. हार घातला, पेढे वाटले आणि मला म्हणाले, "नवं हाय, जपायचं. पाटीलकी जुन्यालाच ठेव. हे अडीअडचणीला."

मशीन म्हणजे काय लग्नातला शालू, घडी घालून ठेवायला? स्क्रू कंप्रेसर बसून राहिला की त्याचं तेल तापत नाही, हवेतलं पाणी आत साचतं आणि बेअरिंग गंजतं. हे मला ठाऊक होतं. मी एकदा तसं बोललो. मालकांनी "बघू की" म्हणून फोन कानाला लावला. मी मूग गिळून पाटीलकी एक नंबरच्या गळ्यात कायमची बांधली.

मामा मात्र दर सोमवारी विचारायचे. "साहेब, फिरवायचं न्हाय काय? तीन नंबर पाच मिनटं चालतोय आन् झोपतोय. तेल दुधागत दिसाय लागलंय." मी म्हणायचो, मालकांना विचारतो. विचारलं कधीच नाही.

एप्रिलातल्या एका दुपारी एक नंबर तापून बंद पडला. दोन नंबर एकटा झुंजला. दाब सहा पॉइंट दोनवर आला, तीन नंबर उठला, चार मिनिटं किंचाळला आणि अडकला. दाब पाचच्या खाली गेला आणि सगळे माग एकामागोमाग थांबले. त्या शांततेची मला आजही चीड येते.

मालक तरातरा खोलीत आले. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर ते मामांवर ओरडले, "नवं मशीन मारलासा. फिरवायचं कळत न्हाय? उद्यापासनं येऊ नका."

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि टॉवेलनं हात पुसत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा, कारण एक क्षण, अगदी एकच क्षण, गप्प राहावं असं माझ्या मनात आलं होतं.

"पासवर्ड मामांकडे नाही," मी म्हणालो. "त्यांना फिरवता येतच नाही. तुम्ही फिरवणं बंद करायला सांगितलंत, मी बंद केलं. मामा दर सोमवारी सांगत होते."

"मी सांगिटलं," मालक म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय? तुला कळत हुतं न्हवं? मग तू का ऐकलास?"

इतका निर्लज्ज प्रश्न मी आयुष्यात ऐकला नव्हता. भ्यालो होतो म्हणून ऐकलं, एवढंच.

मामांची नोकरी राहिली. तीन नंबर दुरुस्त होऊन आला त्या सोमवारी मी पट्टे पुन्हा फिरवले आणि पाटीलकी तीन नंबरला दिली. मग एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून मामांपुढे धरला. म्हटलं, "मामा, यापुढं तुम्हीच फिरवा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मामांनी चिठ्ठी घेतली नाही.

"नगं साहेब," ते म्हणाले. "ह्यो माझ्याकडं नव्हता म्हणून तर वाचलो की."

मी चिठ्ठी खिशात घातली आणि शेडमध्ये गेलो.