रामदास आजोबांचे चौदा दिवस

आमचे आजोबा, रामदास कांबळे, वय एकाहत्तर. आधी मिलमध्ये, मग बावीस वर्षं परळच्या एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. गेटवर त्यांनी चोर पकडले. घरात त्यांनाच चोर ठरवलं. साखरचोर.

ठरवणारी त्यांची थोरली बहीण, मीराबाई. आमची आत्याआजी. एकतीस वर्षं हॉस्पिटलात आया होती, पण बोलते अशी की डीन तिला विचारून राउंड घ्यायचे. रोज अकराला आणि पाचला आजोबांचं बोट टोचायची, मशीन नाकापर्यंत न्यायची आणि आकडा नाकातून सोडायची. "दोनशे अठ्ठेचाळीस. परत खाल्लंस ना रे?"

"नाय खाल्लं, आक्का."

"मग माझ्या बोटातनं आलं काय रक्त?"

आणि टोचायची चार युनिट. डॉक्टरांनी जेवणाआधीचं इन्सुलिन लिहून दिलेलं. हे त्याच्या वरचं, आत्याआजीच्या खात्यातलं. "वॉर्डात सिस्टर आकडा बघायची नि डोस द्यायची. मी डोळ्यानं बघितलंय."

शेवटी तिने साखरेच्या कपाटाला कुलूप लावलं, किल्ली ब्लाउजमध्ये. त्याच संध्याकाळी आजोबा जिन्यावर बसून घामाने निथळत होते, हात लटलटत होते. आत्याआजी वरून म्हणाली, "नाटकं बघा. साखर मिळत नाय ना." सव्वाआठला शेजारणीने साखरपाणी पाजलं, तेव्हा ते माणसात आले. ती आणि आत्याआजी अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

त्याआधीच क्लिनिकमध्ये त्यांच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवला होता. तो घरी काही दाखवत नाही, नुसता दर पंधरा मिनिटांनी अंगातली साखर नोंदवत राहतो. चौदा दिवसांनी आम्ही तिघं रिपोर्ट ऐकायला गेलो. आत्याआजीने वही आणली होती. "डोस वाढवा," ती बसायच्या आधीच म्हणाली. "ह्यो बघा, काल पाचला दोनशे साठ."

डॉक्टर सावंत हळू बोलतात, चिडल्या की आणखी हळू. "वही ठेवा, मावशी. वहीत दिवसातली दोन मिनिटं आहेत. बाकीच्या दिवसाचं काय?"

त्यांनी कागद फिरवला. उभी तीन रंगांची पट्टी. साखर सत्तर ते एकशे ऐंशीच्या मधे असलेला वेळ सेहेचाळीस टक्के. वर बेचाळीस. खाली बारा.

"बाराच ना?" आत्याआजी म्हणाली. "आणि सरासरी एकशे सत्तर. एवढी काय वाईट नाय."

"यांच्या वयाला सत्तरच्या खाली एक टक्क्याच्या आत हवं. बारा टक्के म्हणजे रोज जवळजवळ तीन तास. आणि सरासरी सांगू? तुमच्या नळाला सकाळी धो धो आणि दुपारी ठणठणाट, पण महिन्याचं पाणी पुरेसं, असं म्हटल्यासारखं आहे. हा चढउताराचा आकडा, चव्वेचाळीस टक्के. छत्तीसच्या वर गेला की साखर झोके घेतेय."

मग चौदा दिवस एकावर एक ठेवलेला आलेख. अकरानंतर रेघ घसरत एकला साठपाशी. तिथून सरळ डोंगर, पाचला शिखर. परत दरी, सातच्या सुमारास. रोज, त्याच जागी.

"अकराला आणि पाचला काय होतं?"

 आजोबांनी टेबलाच्या काठाकडे बघितलं. मी म्हणाले, "आत्याआजी चार युनिट देते." मला जो चिमटा बसला तो अजून निळा आहे.

"नाश्त्यानंतर साखर चढणारच. उतरायच्या आत तुम्ही अजून डोस दिला. ती खाली गेली, अंगाला कापरं भरलं, मग हातात येईल ते यांनी खाल्लं. तो चढ तुम्ही पाचला पकडला आणि परत टोचलं." त्यांनी नववा दिवस काढला. "इथे साडेसहा ते सव्वाआठ, चोपन्न. काय झालं होतं?"

"कुलूप," आजोबा म्हणाले.

डॉक्टरांनी वहीतले वरचे डोस लाल पेनाने खोडले, दुपारच्या जेवणाआधीचं इन्सुलिनही दोन युनिटनं कमी केलं. "साखर यांच्या हाताशी हवी. घाम, थरथर आली की बोट टोचायचं. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत बघायचं. मूठ मूठ नाही."

"वॉर्डात एकतीस वर्षं मी—"

"तुझ्या वॉर्डातनं किती जण चालत घरी गेले, आक्का?"

एकतीस वर्षांत तिला असं कोणी विचारलं नसणार. आजोबांनी टेबलावर हात पालथा केला, मग उताणा. "किल्ली."

आत्याआजीने भिंतीकडे तोंड करून ती काढली आणि हातावर न ठेवता टेबलावर टाकली. "उद्या तीनशे आला की मला हाक मारू नको."

"तीनशे आला तर सांगेन डॉक्टरांना," आजोबा किल्ली खिशात घालत म्हणाले. "तू वही घरी ठेव."