डाव्या हाताची तलवार

माझी वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि सुट्टीत कॉस्प्लेच्या मेळाव्यात माइक धरते. कोण कोणत्या मालिकेतल्या पात्राचा वेश करून आलंय, ते मंचावर ओळखून सांगणं हे तिचं काम. घरची म्हणून कौतुक करत नाही, पण तिची नजर भारीच.

परवा एक मुलगी आली. अंगात समुद्री चाच्याचा कोट, आत अंतराळ-सैनिकाचं चिलखत, कमरेला राक्षस मारणाऱ्या वीराची तलवार. तलवार बघून लोक त्या वीराचं नाव ओरडायला लागले. माझ्या शेजारच्या खुर्चीतला गृहस्थ तर पैजेवर आला. मी त्याला गप्प बसवलं.

वहिनीचं म्हणणं असं, की असा मिसळलेला वेश करताना कपडे, हत्यारं उसनी घेतात. केस, डोळे आणि लकब मात्र मूळ पात्राचीच ठेवतात. मुलीच्या विगमध्ये एक पांढरी बट होती, एक लेन्स हिरवी, दुसरी करडी. पण अशी पात्रं दोन होती. वहिनीने तिला पाण्याचा ग्लास दिला. तिने तो उजव्या हाताने घेतला. तलवार मात्र कमरेच्या उजव्या बाजूलाच होती, म्हणजे डाव्या हाताने उपसायची.

"मुलगी उजवी, पात्र डावखुरं," वहिनी माइकवर म्हणाली. "अशा पात्रांत डावखुरी एकच, वादळाच्या मालिकेतली दीपगृहवाली. दुसऱ्याच भागात मरते, म्हणून कोणाला आठवत नाही."

मुलीने डाव्या हाताने तलवार उपसून वहिनीला सलामी दिली.

"या बाई कोण?" शेजाऱ्याने विचारलं.

"ओळखलं नाहीत?" मी म्हटलं. "आमची वहिनी."